बहिणीच्या लग्नात भावाने बोलायचं तर

आपल्याकडे लग्नात भाषण करायची पद्धत नव्हती. भावाची कामं ठरलेली होती: लाजाहोमाच्या वेळी बहिणीच्या ओंजळीत लाह्या घालायच्या, नवऱ्यामुलाचा कान पिळायचा आणि दिवसभर केटररच्या मागे धावायचं. आता मात्र मुंबईतल्या बऱ्याच लग्नांत कुणीतरी भावाच्या हातात माइक देतं आणि म्हणतं, "बोल रे दोन शब्द." आयत्या वेळी सुचतात ते दोन शब्द सहसा चुकीचेच असतात. हे मी अनुभवाने सांगतो.

२००९ साली माझ्या बहिणीच्या लग्नात मी बोललो. मुलाकडचे बघायला आले त्या दिवशी हिने पोहे करपवले आणि शेवटी शेजारच्या काकूंनी करून दिलेले पोहे पुढे केले, ही गोष्ट मी रंगवून सांगितली. हॉल हसला. मीही खूश. त्यानंतर कितीतरी वर्षं तिच्या सासरी कुणी पाहुणे आले की सासूबाई म्हणायच्या, "पोहे मीच टाकते गं बाई, तू राहू दे." त्या प्रेमानेच म्हणत असतील, पण बहिणीने मला ते ऐकवलं तेव्हा ती हसत नव्हती.

मागच्या वर्षी आमच्या सोसायटीतला खालच्या मजल्यावरचा मुलगा माझ्याकडे आला. त्याच्या मोठ्या बहिणीचं लग्न होतं. आम्ही भांडुपचे, मुलाकडचे बोरिवलीचे, हॉल दादरला. त्याला तिची चेष्टाही करायची होती आणि शेवटी काहीतरी चांगलंही बोलायचं होतं. ते भाषण आम्ही तीन आठवडे घडवलं. त्याचीच हकीकत इथे टप्प्याटप्प्याने लिहितो.

आधी वेळ ठरवा, मग मजकूर

त्याच्या डोक्यात संध्याकाळचं रिसेप्शन होतं. मी नको म्हणालो. रिसेप्शनला स्टेजसमोर आहेराची पाकिटं घेतलेली रांग असते. रांगेतल्या माणसाचं लक्ष पुढच्या माणसावर आणि मागच्या बुफेवर. शिवाय कुणाला नऊ-पस्तीसची गाडी पकडायची असते. अशा गर्दीत बारीक चेष्टा पोचत नाही, आणि पोचत नाही म्हणून बोलणारा ती मोठी करत जातो. तिथेच घात होतो.

त्यापेक्षा दुपारची विहिणीची पंगत घ्या. दोन्हीकडची जवळची पन्नास-साठ माणसं, सगळी बसलेली, सगळ्यांचे हात पानात. पूर्वी याच पंगतीत मुलीकडच्या बायका विहीण म्हणायच्या, म्हणजे मुलीला सांभाळा असं व्याह्यांना गाण्यातून सांगायच्या. रुखवताच्या गाण्यांतून एकमेकांना टोमणे मारायचीही पद्धत होती. म्हणजे चेष्टा आणि मागणं, दोन्ही या लग्नात मुळातच आहे. आपण फक्त ते बोलून दाखवायचं.

पंगतीतही क्षण निवडावा लागतो. भुकेलं माणूस हसत नाही. मसालेभात होऊन जिलबीची दुसरी फेरी निघाली की उभं राहा. मुलीचा भाऊ तिथे आग्रहाने वाढायलाच असतो, त्यामुळे हातातलं ताट बाजूला ठेवून तो बोलू लागला तर ते सहज वाटतं. केळवणातही हे भाषण चांगलं बसतं, पण तिथे मुलाकडचे नसतात आणि अर्धी गंमत त्यांच्याकडे बघून बोलण्यात असते.

चेष्टेचा विषय कसा निवडावा

मुलाने पहिल्या दिवशी अकरा गमती लिहून आणल्या होत्या. उशिरा उठते, झुरळाला घाबरते, एकदा चुकीच्या लग्नात जेवून आली, कॉलेजात कुणीतरी तिला चिठ्ठी दिली होती, वगैरे. त्यातली चिठ्ठी मी वाचल्या वाचल्या खोडली. जुन्या ओळखीपाळखी, वजन, रंग, वय, पगार आणि लग्न जमायला लागलेला वेळ, हे विषय कितीही नाजूकपणे बोललं तरी नाजूक राहत नाहीत.

बाकीच्या गमतींना मी पोह्यांची परीक्षा लावली. उद्या सासरी याच गोष्टीवरून तिला मोजणार आहेत का? उशिरा उठणं गेलं. स्वयंपाक, राग, आवराआवर हे सगळं याच परीक्षेत जातं. नव्या घरात पहिले सहा महिने तिच्याकडे सगळे बारकाईने बघत असतात. तिथे आपण आधीच शेरा मारून ठेवायचा नाही.

दुसरी परीक्षा अशी, की ही गोष्ट ती स्वतः हसत सांगते का. चुकीच्या लग्नातलं जेवण ती कधीच सांगत नाही असं मुलाने कबूल केलं. खोडलं.

तिसरी परीक्षा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. या गोष्टीत शेवटी फजिती कुणाची होते? ती भावाची होत असेल तर बिनधास्त सांगा. भाऊ स्वतः पडतो आणि बहीण वर दिसते, तेव्हा मुलाकडचेही मोकळे हसतात. बहिणीला पाडून हसवलं तर ते आधी तिच्या तोंडाकडे बघतात आणि मग हसावं की नाही ते ठरवतात.

अकरातली एकच उरली: ताईची हिशेबाची वही. कुणाला वडापाव खाऊ घातला, रिक्षाचं निम्मं भाडं कुणाकडून यायचं, सगळं ती तारखेनिशी लिहायची. घरात ती वही प्रसिद्ध होती आणि ताई स्वतःच ती काढून दाखवायची.

पहिल्या खर्ड्यात मुलाने लिहिलं होतं, "आमची ताई इतकी कंजूष, इतकी कंजूष, की..." मी 'कंजूष' काढायला लावलं. विशेषण सासरी राहायला जातं. नोंद जात नाही. "१२ जुलै, वडापाव, येणे १२ रुपये" एवढं वाचून दाखवलं की ऐकणारा आपला आपण हसतो आणि तिला नाव कुणीच ठेवत नाही. चेष्टेत विशेषण आलं की थांबा, त्या जागी तारीख किंवा वस्तू घाला.

चेष्टेच्या पोटातच मागणं शोधा

नवशिक्यांचं भाषण इथे मोडतं. तीन मिनिटं चेष्टा, मग "पण जोक्स अपार्ट" आणि मग एक मिनिट "तू माझी बेस्ट फ्रेंड आहेस." दोन वेगळी भाषणं एकामागे एक लावल्यासारखं होतं. ऐकणाऱ्याला तो सांधा लगेच कळतो आणि दुसरं भाषण पाठ केल्यासारखं वाटतं.

ज्या गोष्टीवरून चिडवलं, तिच्यातच काहीतरी उलटं दडलेलं असतं. ते शोधायला प्रश्न एकच: तिची ही सवय कधी मोडली? नेहमी लवकर निघणारी बहीण कुणासाठी थांबली? कधी न रडणारी कुठे रडली? मी मुलाला विचारलं, "वहीत काय नाही?" तो दोन दिवस आला नाही. तिसऱ्या दिवशी वही घेऊन आला आणि म्हणाला, "माझ्या दुसऱ्या वर्षाची फी ताईने भरली होती. ती यात नाही."

आम्ही दोघं थोडा वेळ काहीच बोललो नाही. भाषण तिथे झालं होतं.

परवानगी

अशी गोष्ट सापडली की ती लगेच सगळ्यांना सांगाविशी वाटते. धीर धरा. पहिल्या खर्ड्यात वाक्य होतं, "बाबांची कंपनी बंद पडली त्या वर्षी." व्याह्यांच्या समोर, पंगतीत, बाबा आग्रह करत उभे असताना हे वाक्य कसं ऐकू येईल? मुलाला ते सुचलंच नव्हतं, कारण त्याला त्यात फक्त ताई दिसत होती. त्याने बाबांना विचारलं. बाबा म्हणाले, "फीचं सांग. कंपनीचं नको." कंपनी गेली आणि भाषणाचं काहीही बिघडलं नाही.

ताईलाही विचारायला हवं. मुलाला सरप्राइज हवं होतं. पण तिने जे मुद्दाम लिहून ठेवलं नाही ते आपण साठ माणसांत सांगणार असू, तर तिचं मत आधी घ्यायचं. पूर्ण भाषण दाखवू नका, विषय तेवढा विचारा. ताई आधी नाही म्हणाली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "सांग, पण आकडा सांगू नकोस." म्हणून भाषणात वडापावचा आकडा आहे, रिक्षाचा आहे आणि फीचा नाही. खरं तर आकडा नसल्यानेच ती जागा जास्त लागते. ते शहाणपण तिचं.

कुणाला काय म्हणायचं

ताईला 'तू', त्यात प्रश्न नाही. नवऱ्यामुलाला हा एरवी नावाने आणि 'अरे-तुरे' करायचा, दोघं एकत्र मॅच बघणारे. पंगतीत मात्र 'भाऊजी' आणि 'तुम्ही'. त्याच्या आजी समोर बसलेल्या असतात. 'जिजू' चालतं, पण 'जिजू' म्हणून पुढे 'तुम्ही' लावलं की कानाला खटकतं, बोलून बघा. त्याच्या आईवडिलांना काका-काकू. व्याही-विहीण हे शब्द आपल्या आईबाबांचे, भावाने ते वापरू नयेत.

आता आशीर्वाद. धाकटा भाऊ मोठ्या बहिणीला आशीर्वाद देत नाही, घेतो. त्याने "सुखी राहा" म्हटलं तर आज्या एकमेकींकडे बघतात. त्याने मागायचं: "देवाकडे एवढंच मागतो की..." मोठा भाऊ असेल तर डोक्यावर हात ठेवून "सुखात राहा" म्हणावं, तेवढं पुरतं. 'अष्टपुत्रा'च्या वाटेला कुणीच जाऊ नये, त्यावर जे विनोद होतात ते तिलाच ऐकावे लागतात. 'नांदा सौख्य भरे' पत्रिकेवर छापून झालेलं असतं. मागणं तिच्याच आयुष्यातल्या वस्तूंतून करा, ते दुसऱ्या कुठल्या लग्नात बसता कामा नये.

काही वाक्यं सरळ वगळा. "आजपासून ही तुमची जबाबदारी", "आम्ही सुटलो", "एक्सचेंज नाही, रिटर्न नाही", या सगळ्यांत बहीण म्हणजे पार्सल. "ताईला त्रास दिलात तर गाठ माझ्याशी" हेही नको. त्यासाठी सकाळी कान पिळायला मिळालेला असतो, धमकीचं खातं तिथे बंद झालं. आणि रामदास स्वामी 'सावधान' ऐकून बोहल्यावरून निघून गेले, भाऊजी मात्र थांबले, हा विनोद मंगलाष्टकं संपता संपता तीन काकांनी करून झालेला असतो.

शेवटी ठरलेलं भाषण

मुलाच्या परवानगीने जसंच्या तसं देतो.

"नमस्कार. जिलबी येतेय, कुणी हात थांबवू नका.

भांडुपहून बोरिवलीला जायचं तर दादरला गाडी बदलावी लागते. आमच्या ताईने आज बदलली.

भाऊजी, सकाळी तुमचा कान पिळला तो पद्धत आहे म्हणून. आता त्याच कानात एक गोष्ट सांगतो.

ताईकडे एक वही आहे. निळी, दोनशे पानी. आमच्या घरात कुणी कुणाचे किती खाल्ले, सगळं त्यात आहे. वाचतो. १२ जुलै २०१६. वडापाव दोन, पैकी एक धाकट्याचा, येणे १२ रुपये. १३ जुलै. रिक्षा १८, निम्मे ९, येणे. मी तिला म्हटलं, अगं मी भाऊ आहे, भाडेकरू नाही. राखीला मी शंभर रुपये ओवाळणी घातली. तिने एकवीस बाजूला काढले आणि वहीत लिहिलं, 'हिशेब चुकता. धाकट्याचे तोंड वाकडे.'

मागच्या महिन्यात ही वही मी पहिल्या पानापासून वाचली. वडापाव आहेत, रिक्षा आहेत, एका खोडरबराचेसुद्धा तीन रुपये आहेत. मी एकच नोंद शोधत होतो. माझ्या डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाची फी ताईने भरली होती. तिच्या पहिल्या नोकरीच्या पगारातून. पुढे बघितलं, मागे बघितलं. फी नाही.

बारा रुपये लिहिणाऱ्या माणसाने ते लिहिलंच नव्हतं.

तर भाऊजी, या वहीत आता तुमचं नाव येणार. चहाचे दहा, टॅक्सीचे निम्मे. घाबरू नका. जोवर लिहितेय तोवर सगळं ठीक आहे. एक दिवस ती तुमच्यासाठी काहीतरी मोठं करेल आणि लिहिणार नाही. तुम्ही वहीत शोधाल आणि सापडणार नाही. त्या दिवशी समजा, घरचे झालात.

काका, काकू, जुनी वही आम्ही ठेवून घेतली आहे, ती द्यायची नाही. नवी कोरी रुखवतात ठेवली आहे.

ताई, मी लहान, मी आशीर्वाद देऊ शकत नाही. देवाकडे मागतो. तुझ्या घरात चार पैसे कायम शिल्लक असू देत, आणि ते कुणासाठी खर्च झाले हे तुला लिहावंसं न वाटो.

आता पाय पुढे कर. नमस्काराचे पैसे लावू नकोस."

शेवटचं मागणं झाल्यावर आणखी एक वाक्य होतं: नव्या लायनीवर तुला खिडकी मिळो, आणि कुणी दमून आलं तर तू सरकून चौथी सीट देशीलच. मला ते फार आवडलं होतं, आणि मीच काढलं. वही सुरू झाली की वहीवरच संपवायचं. लोकल परत आणली तर ऐकणारा दोन मागण्यांत वाटला जातो. दादरची ओळ सुरुवातीला ठेवली, कारण तिच्यात कुणाचीच चेष्टा नाही आणि दोन्हीकडच्यांना एकदम हसता येतं. पहिलं हसू दोन्हीकडचं असलं की पुढची चेष्टा कुणाला टोचत नाही.

तालीम

आपण उभं राहून, हशाला जागा ठेवून बोलतो तेव्हा मिनिटाला साधारण शंभर शब्द होतात. हे भाषण अडीच-तीन मिनिटांत वाचून होतं, पंगतीत चार लागली. त्यापेक्षा लांबलं तर जिलबी संपते.

तालीम आईसमोर करू नका, ती पहिल्या ओळीला रडते. बहिणीला न ओळखणाऱ्या कुणालातरी ऐकवा. आमच्या वॉचमनला ऐकवलं. त्याने विचारलं, "वहीतला हा कोण? तूच ना?" तेव्हा कळलं की पहिल्या खर्ड्यातलं घरगुती टोपणनाव बाहेरच्याला कळत नाही. ते बदलून 'धाकट्याचा' केलं.

मुलाचा आवाज दर वेळी "फी नाही" या दोन शब्दांवर जायचा. तिथे आम्ही तीन गोष्टी केल्या. वाक्य दोनच शब्दांचं ठेवलं, घसा दाटला तरी दोन शब्द निघतात. त्या ओळीला ताईकडे न बघता भाऊजींकडे बघायचं ठरवलं. आणि पुढचं वाक्य आकड्याने सुरू केलं. 'बारा रुपये' म्हणताना आवाज आपोआप सरळ होतो, का ते मला माहीत नाही, पण होतो. मध्ये शांतता झाली तर होऊ द्या. "सॉरी, मी जरा इमोशनल झालो" हे मात्र म्हणू नका, ते सगळ्यांना दिसत असतं.

मोबाइलवरून वाचायचं नाही. स्क्रीन विझते, आणि नेमका त्याच वेळी केटररचा फोन येतो. दोन पोस्टकार्डांवर मोठ्या अक्षरांत फक्त प्रत्येक भागाचा पहिला शब्द लिहा. एका जागी लाल खूण करा. आमची 'मागच्या महिन्यात' या शब्दांवर होती. चेष्टा अंगावर येतेय असं वाटलं तर मधलं सगळं सोडून थेट त्या खुणेवर उडी मारायची. अंगावर येतेय हे कसं कळणार? बहीण ओठांनी हसते आणि डोळे सासूबाईंकडे जातात. मुलाकडची माणसं पानाकडे बघायला लागतात. तेव्हा आणखी एक विनोद करून सावरायचा मोह होतो. नका करू, खुणेवर जा.

त्या दिवशी

हॉलमध्ये सनईची रेकॉर्ड चालू असते आणि ती बंद करायचं कुणालाच सुचत नाही. साउंडवाल्याला सकाळीच गाठून सांगा. तिथला कॉर्डलेस माइक सकाळपासून गुरुजींपाशी असतो, बॅटरी अर्धी झालेली असते, नवे सेल खिशात ठेवा. माइक तोंडापासून चार बोटांवर धरा आणि स्पीकरच्या पुढे उभे राहू नका, शीळ येते. भाऊजींच्या आजींना कमी ऐकू येतं हे मुलाला साखरपुड्यातच कळलं होतं. तो त्यांच्या पानासमोर जाऊन उभा राहिला. आजींना ऐकू गेलं म्हणजे सगळ्यांना गेलं.

दादरच्या ओळीला एवढा हशा झाला की त्याने न थांबता बोललेलं कान पिळण्याचं वाक्य कुणालाच ऐकू आलं नाही. ते त्याने परत म्हटलं, बरोबर केलं. तेवढ्यात मुलाकडचे एक काका ओरडले, "रविवार आहे, मेगाब्लॉक!" अशा वेळी त्यावर वरचढ काही सुचवायला जाऊ नका. तो नुसता हसला, हात जोडले आणि "ताईकडे एक वही आहे" सुरू केलं.

"फी नाही" वर तो अडकला. किती वेळ ते मी मोजलं नाही, पण वाढपी मठ्ठ्याची किटली घेऊन जागीच थांबला होता. मग "बारा रुपये" आलं. भाऊजींनी मान खाली घातली. काकूंनी, म्हणजे ताईच्या सासूबाईंनी, शेजारी बसलेल्या सुनेच्या पाठीवर हात ठेवला आणि भाषण संपेपर्यंत तो काढला नाही.

नमस्कार झाला की माइकचं बटण बंद करा आणि साउंडवाल्याच्याच हातात द्या. टेबलावर ठेवू नका. कुठलेतरी काका खिशातून कवितेची घडी काढत उठलेलेच असतात, आणि हॉल चार वाजता रिकामा करून द्यायचा असतो.